दोन्ही बाजूंना दारं असलेला लांबट हॉल: आधी वाटा, मग सोफा

ठाणे आणि नवी मुंबईच्या इमारतींत दहा फूट रुंद आणि सतरा-अठरा फूट लांब हॉल सर्रास दिसतो. एका टोकाला मुख्य दार, दुसऱ्या टोकाला बाल्कनीचं सरकतं दार, मधल्या एका लांब भिंतीत स्वयंपाकघराचं तोंड आणि समोरच्या भिंतीत बेडरूमकडे जाणारा पॅसेज. नकाशावर हा हॉल १८० चौरस फुटांचा दिसतो आणि सामान आरामात मावेल असं वाटतं. राहायला आल्यावर कळतं की सोफ्यासाठी सलग भिंत सापडत नाही. जिथे सापडते तिच्या समोर टीव्ही लावायला भिंत नाही, आणि दोन्ही जमलं तर बाल्कनीत कपडे वाळत घालायला जाताना कुणाच्या तरी पायावरून उडी मारावी लागते.

अशा हॉलमध्ये अडचण लांबीची नसते, येण्याजाण्याची असते. चालायला तीन फूट रुंद वाट धरली आणि ती अठरा फूट नेली तर ५४ चौरस फूट झाले, म्हणजे हॉलचा जवळपास तिसरा हिस्सा. हा हिस्सा तुम्ही ठरवून दिलात तर तो एका जागी राहतो. ठरवला नाहीत तर चार दारांमधून चालणारी माणसं तो हॉलभर पसरवतात, आणि मग कुठेच निवांत बसता येत नाही. म्हणून फर्निचर मांडायला सुरुवात वाटांपासून करायची. नव्या घरात नुकत्याच आलेल्यांनी सोफ्याच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी पुढची तीन कामं उरकून घ्यावीत.

पहिलं काम: खरी मापं

बिल्डरच्या माहितीपत्रकातली मापं सामान घेण्यासाठी वापरू नका. बऱ्याचदा ती गिलावा आणि स्कर्टिंग धरलेली नसतात, आणि दहा फुटांच्या हॉलमध्ये दोन इंच कमी पडले तरी फरक पडतो. स्टीलचा मेजरिंग टेप घ्या आणि रुंदी तीन ठिकाणी मोजा: मुख्य दाराजवळ, मध्यावर आणि बाल्कनीजवळ. कॉलम कुठे पुढे आलेला असला तर तिथली वेगळी. यांतलं सर्वांत कमी माप तेवढं खरं धरायचं.

लांब भिंती मोजताना मुख्य दाराकडच्या टोकाला शून्य धरा आणि तिथून बाल्कनीकडे मोजत जा. दार किती फुटांवर सुरू होतं, किती फुटांवर संपतं, स्विचबोर्ड कुठे आहे, टीव्हीचा पॉइंट कुठे आहे, एवढं कागदावर लिहा. मग चौकटीच्या वहीवर एक फूट म्हणजे एक चौकट असा आराखडा काढा. सुंदर यायची गरज नाही, मोजमाप बरोबर असलं की झालं.

प्रत्येक दाराचा पल्ला कुठल्या बाजूला आणि किती उघडतो हेही काढा. मुख्य दार साधारण साडेतीन फुटांचं असतं, म्हणजे त्याचा पल्ला आत येताना साडेतीन फुटांचा पाव वर्तुळ व्यापतो. त्या पाव वर्तुळात काहीही ठेवता येत नाही, चप्पल स्टँडसुद्धा नाही. पॅसेजला आणि स्वयंपाकघराला बहुतेक नव्या इमारतींत पल्ला नसतो, नुसतं तोंड असतं. तुमच्याकडे पल्ला असेल आणि तो कायम उघडाच राहत असेल तर काढून ठेवण्याचा विचार जरूर करा. काढलेला पल्ला जपून ठेवा, भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा.

दुसरं काम: वाटा काढा

आता आराखड्यावर पेन्सिलने घरातली माणसं कुठून कुठे जातात त्या रेघा मारा. दारातून स्वयंपाकघर, दारातून पॅसेज, स्वयंपाकघरातून पॅसेज, पॅसेजमधून बाल्कनी. या चारही रेघा सारख्या महत्त्वाच्या नसतात. बहुतेक घरांत सर्वांत जास्त वर्दळ स्वयंपाकघर आणि पॅसेजच्या मध्ये असते: पाण्याची बाटली, मुलांचा डबा, चहाचा कप, रात्री उठून पाणी पिणं. पाहुणे येतात ती वाट दिवसातून फारतर दोन-चार वेळा वापरली जाते. तरीही लोक हॉल मांडताना मुख्य दारातून आत आल्यावर काय दिसेल याचाच विचार करतात आणि रोजच्या वाटेवर टीपॉय ठेवून मोकळे होतात.

रोजच्या वाटेला तीन फूट द्या. हातात परात किंवा कपड्यांची बादली असेल तर माणसाला तेवढी जागा लागतेच, आणि समोरून कुणी आलं तर अंग चोरून का होईना दोघं जातात. क्वचित वापरायच्या वाटेला अडीच फूट चालतात. त्याखाली जाऊ नका. दोन फुटांच्या फटीतून माणूस जातो, पण आडवा होऊन जातो, आणि घरात वयस्कर कुणी असेल तर ती फट धोक्याचीच.

समोरासमोरच्या दोन दारांची जागा नीट पाहा. दोन्ही तोंडं अगदी एकमेकांसमोर असतील तर मधला तीन-साडेतीन फुटांचा पट्टा हॉलचे सरळ दोन भाग करतो. तोंडं पुढेमागे असतील तर वाट तिरकी जाते. तिरकी वाट दिसायला जास्त जागा खाते, पण तिच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी कोपरे सुटतात आणि त्यात एखादी खुर्ची, कुंडी किंवा चप्पल स्टँड बसतो.

तिसरं काम: जमिनीवर मांडून पाहा

कागदावर जमलेलं जमिनीवर जमेलच असं नाही. रंगकामाची कागदी चिकटपट्टी आणा, मास्किंग टेप म्हणून कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. सोफा, टीव्ही युनिट, जेवणाचं टेबल यांचे चौकोन खऱ्या मापाने लादीवर चिकटवा. वर्तमानपत्रं जोडून अंथरली तरी चालतात, फक्त पंखा बंद ठेवा. खुर्ची ओढून बसल्यावर लागणारी जागाही चिकटपट्टीने दाखवा, कारण नंतर घोटाळा होतो तो तिथेच.

मग एक-दोन दिवस तसंच वावरा. भरलेली बादली घेऊन बाल्कनीत जा. रात्री दिवा न लावता पॅसेजमधून पाणी प्यायला या. ज्या पट्टीवर सारखा पाय पडतो आणि ती फाटते, तिथे तुमची खरी वाट आहे. तो चौकोन हलवायचा, माणसांच्या सवयी बदलायच्या मागे लागायचं नाही.

एक हॉल मांडून बघू

घोडबंदर रोडवर कासारवडवलीला एका कुटुंबाचा हॉल मांडायचा होता. नवरा-बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि आजी. हॉल १० बाय १८. मुख्य दारात उभं राहून बाल्कनीकडे पाहिलं तर मुख्य दार आखूड भिंतीच्या डाव्या अर्ध्यात, पल्ला डाव्या भिंतीला लागतो. डाव्या भिंतीत चार फुटांवर स्वयंपाकघराचं तोंड सुरू होऊन सात फुटांवर संपतं. उजव्या भिंतीत नऊ फुटांवर पॅसेज सुरू होतो, बारा फुटांवर संपतो. समोर बाल्कनीचं सहा फुटी सरकतं दार.

आता सलग भिंती मोजा. डावीकडे स्वयंपाकघरानंतर बाल्कनीपर्यंत अकरा फूट. उजवीकडे दारापासून पॅसेजपर्यंत नऊ फूट आणि पॅसेजनंतर बाल्कनीपर्यंत सहा फूट. तीनच तुकडे, त्यांतच सगळं बसवायचं.

घरच्यांचा पहिला विचार असा होता की उजवीकडच्या नऊ फुटांत मोठा सोफा ठेवायचा, कारण दारातून आत आलं की पाहुणा लगेच बसेल. आराखड्यावर तो ठेवून पाहिला. सोफ्यासमोर स्वयंपाकघराचं तोंड आणि उघडलेला मुख्य दाराचा पल्ला, म्हणजे टीव्हीला भिंतच उरली नाही. शिवाय सोफ्यावर बसलेल्याला समोर ओटा दिसत राहतो, आणि कुरिअरवाला दारात उभा राहिला तर सगळा हॉल त्याला दिसतो. बाल्कनीकडचा वाऱ्याचा आणि उजेडाचा निम्मा हॉल मात्र रिकामा.

म्हणून उलट केलं. बसायची जागा बाल्कनीकडे नेली आणि जेवणाची जागा दाराकडे आणली. मध्ये स्वयंपाकघर ते पॅसेज अशी तिरकी वाट मोकळी ठेवली. या हॉलची सगळी मांडणी त्या एका निर्णयावर उभी आहे, बाकी सगळं त्यातून आपोआप सुटत गेलं.

सोफा डाव्या भिंतीला, अकरा फुटांपासून साडेसतरा फुटांपर्यंत: साडेसहा फूट, म्हणजे ७८ इंचांचा तीन माणसांचा. बाल्कनीकडे सहा इंच सोडले, पडदा बाजूला सारायला आणि पावसाळ्यासाठी. टीव्ही समोरच्या सहा फुटांच्या तुकड्यात, खाली पाच फूट लांब आणि १४ इंच खोल युनिट. सोफ्याचा मध्य आणि टीव्हीचा मध्य साधारण समोरासमोर आला. स्वयंपाकघरातून पॅसेजकडे जाणारं माणूस टीव्हीच्या आड येत नाही. आड येतो तो फक्त बाल्कनीत जाणारा, आणि तेवढं चालतं.

सोफ्याची खोली, हा खरा मुद्दा

सोफा घेताना सगळे लांबी विचारतात, खोली कुणी विचारत नाही. खोली म्हणजे पाठीच्या मागच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंतचं माप. दुकानात ३६ ते ४० इंच खोल सोफे मांडलेले असतात, बसायला छान वाटतात, कारण दुकान मोठं असतं. दहा फुटी हॉलमध्ये ३३ इंचांच्या वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

वरच्या हॉलमध्ये हिशोब करा. रुंदी १२० इंच. त्यातून ३३ इंचांचा सोफा आणि १४ इंचांचं टीव्ही युनिट वजा केलं की ७३ इंच उरतात, सहा फुटांपेक्षा एक इंच जास्त. या घरात गावाहून पाहुणे आले की हॉलमध्येच गाद्या पडणार होत्या. तीन फुटी दोन गाद्या शेजारी शेजारी ठेवायला सहा फूट लागतात, आणि त्या बसल्या. सोफा ३६ इंचांचा घेतला असता तर ७० इंच उरले असते आणि दुसऱ्या गादीची कड टीव्ही युनिटला अडून दुमडली असती. तीन इंचांचा फरक, पण रात्री पाहुणे झोपायचे असले की तो कळतो.

एल आकाराचा सोफा या हॉलमध्ये बसत नाही. त्याची लांब बैठक पाच फूट पुढे येते. ती बाल्कनीकडे ठेवली तर सरकत्या दारापुढे येते, पॅसेजकडे ठेवली तर तिरक्या वाटेवर. घरात फार हौस असेल तर तीन माणसांच्या सोफ्याला जुळणारा सुटा पुफा घ्या. पाय सोडून बसायचं तेव्हा पुढे ओढायचा, एरवी युनिटशेजारी सरकवायचा.

मोठा टीपॉयही नको. सोफा आणि टीपॉय यांच्यात गुडघ्यांसाठी १५ ते १८ इंच लागतात, टीपॉय दोन फुटांचा धरला तर त्याच्या पलीकडे बाल्कनीकडे जायला तीन फूट उरतात की नाही ते मोजा. वरच्या हॉलमध्ये जेमतेम अडीच उरत होते. म्हणून एकात एक सरकणारी दोन छोटी टेबलं घेतली. एक कायम सोफ्याच्या टोकाला राहतं, दुसरं चहापुरतं बाहेर येतं.

सोफ्याला चार-पाच इंच उंचीचे पाय असलेले बरे. खाली झाडू आणि पुसणं जातं, आणि पावसाळ्यात खाली ओल धरत नाही. खाडीजवळच्या इमारतींत जूनपासून हवा इतकी दमट असते की जमिनीला टेकलेल्या सोफ्याच्या प्लायला वास येऊ लागतो. मागची भिंत बाहेरची असेल तर सोफा तिच्यापासून दोन इंच सुटा ठेवा.

आजींची खुर्ची

सोफा आणि स्वयंपाकघराच्या तोंडामध्ये चार फूट भिंत उरली होती. आजींच्या मुलाला तिथे फ्रिज हवा होता. आजी म्हणाल्या, "फ्रिज स्वयंपाकघरात मावतोय ना? मग मला माझी खुर्ची ठेवायला जागा द्या. बाल्कनीजवळ द्या, खाली मुलं खेळतात ती दिसतात."

बाल्कनीजवळ खुर्ची ठेवायची तर सोफा अलीकडे सरकवावा लागत होता, आणि तो थेट तिरक्या वाटेवर येत होता. आम्ही प्लॅस्टिकची खुर्ची आळीपाळीने दोन्ही जागी ठेवून त्यांनाच बसून पाहायला सांगितलं. दोन दिवसांनी त्यांनी अलीकडची जागा घेतली. तिथून सून स्वयंपाकघरात काय करते ते दिसतं, दार वाजलं तर कळतं, टीव्ही थोडा तिरका पण दिसतो, आणि उठलं की समोरच पॅसेज, न वळता बाथरूमकडे जाता येतं. बाल्कनीत त्या संध्याकाळी जाऊन बसतात.

वयस्कर माणसाची जागा ठरवताना हाच निकष ठेवा: उठल्यापासून बाथरूमच्या दारापर्यंतच्या वाटेत किती वळणं आहेत आणि किती वस्तूंना वळसा घालावा लागतो. खुर्चीला हात हवेत, आणि बैठक १८ इंचांच्या आसपास उंच हवी, म्हणजे गुडघ्यांवर जोर न देता उठता येतं. वाटेवर गालिचा टाकू नका. चटईची दुमडलेली कड पायात येते.

फ्रिज खरोखरच हॉलमध्ये ठेवायची वेळ आली तर तो स्वयंपाकघराच्या तोंडाला लागूनच ठेवा, आणि त्याचा दरवाजा स्वयंपाकघराच्या बाजूने उघडेल हे पाहा. उलटा उघडत असेल तर दर वेळी दाराला वळसा घालून भाजी काढावी लागते.

जेवणाचं टेबल दाराकडे

उजवीकडच्या नऊ फुटांत चार बाय अडीच फुटांचं टेबल भिंतीला लांब बाजू लावून ठेवलं. दोन टोकांना एकेक खुर्ची आणि पुढे दोन. खुर्ची ओढून माणूस बसलं की टेबलाच्या कडेपासून साधारण अडीच ते तीन फूट जागा जाते. म्हणजे उजव्या भिंतीपासून साडेपाच फूट संपले, आणि डावीकडे साडेचार फूट उरले. मुख्य दारातून स्वयंपाकघरात जाणारी वाट त्यातून आरामात जाते, सगळे जेवत असतानाही.

टोकाच्या खुर्चीकडे मात्र लक्ष द्या. टेबल पॅसेजच्या फार जवळ सरकवलं तर त्या बाजूची खुर्ची ओढली की पॅसेजचं तोंड बंद होतं. इथे टेबल भिंतीवर अडीच फुटांपासून साडेसहा फुटांपर्यंत ठेवलं, म्हणजे टोकाची खुर्ची दोन फूट ओढली तरी ती साडेआठवर थांबते.

टेबल भिंतीला लावलं की चौथी बाजू वाया जाते असं काहींना वाटतं. चार माणसांच्या घरात ती बाजू रोज लागत नाही. सहा जण जेवायला बसणार असतील तेव्हा टेबल अडीच फूट पुढे ओढा, काम झालं की परत लावा. म्हणून टेबल जड शिसवी नको, दोघांना उचलता येईल असं हवं. हॉल दहा फुटांपेक्षाही अरुंद असेल, नऊ किंवा साडेआठ, तर भिंतीला बिजागरीवर बसवलेलं घडीचं टेबल घ्या. ते उघडलेलं असताना वाट थोडी अरुंद होते, पण दिवसातला बराच वेळ ती पूर्ण मोकळी राहते.

चप्पल स्टँड दाराच्या उजवीकडे, आखूड भिंतीलाच. खाली कलणाऱ्या कप्प्यांचा मिळतो तो घ्या, त्याची खोली आठ इंचांच्या आसपास असते. साधा एक फूट खोल स्टँड इथे टोकाच्या खुर्चीला अडतो.

गणपती कुठे बसणार

हे आधीच ठरवा, भाद्रपदात नव्हे. मखराला तीन-साडेतीन फूट भिंत लागते आणि त्यासमोर आरतीला दहा-बारा माणसं उभी राहायला हवीत. टीव्ही काढून त्या जागी बसवायचा विचार अनेक जण करतात, पण मग आरतीची माणसं सोफा आणि युनिटच्या मध्ये दाटीवाटीने उभी राहतात आणि सोफा बाहेर काढायला जागाच नसते.

या घरात जेवणाचं टेबल तेवढ्या दिवसांसाठी बेडरूममध्ये जातं आणि त्याच नऊ फुटी भिंतीला मखर बसतं. समोर डाव्या भिंतीपर्यंत भरपूर जागा, दर्शनाला येणारे दारातून येतात, प्रसाद घेऊन सोफ्याकडे जातात. स्वयंपाकघर समोरच, नैवेद्याचं ताट घेऊन हॉल ओलांडावा लागत नाही. मखराच्या दिव्यांसाठी त्या भिंतीवर प्लग पॉइंट आहे का ते पाहून घ्या. नसेल तर वायर दारासमोरून न्यावी लागेल, आणि ती कुणाच्या तरी पायात येईल.

तुमच्या हॉलची दारं वेगळी असतील तर

स्वयंपाकघर आणि पॅसेज अगदी समोरासमोर, हॉलच्या मध्यावर असतील तर मधला पट्टा सोडा आणि सोफा आडवा ठेवता येतो का ते पाहा, पट्ट्याकडे पाठ करून. दहा फुटी हॉलमध्ये साडेसहा फुटांचा सोफा आडवा ठेवला की शेजारून साडेतीन फुटांची वाट राहते. त्याची पाठ खांद्यापेक्षा उंच नसावी, नाहीतर बाल्कनीचा उजेड अडतो आणि दाराकडचा भाग दिवसा अंधारा होतो. यात टीव्ही मात्र बाल्कनीच्या बाजूला जातो, आणि मागून येणाऱ्या उजेडाने डोळ्यांना त्रास होतो. टीव्ही फारसा न पाहणाऱ्या घरालाच ही मांडणी मी सुचवते.

दोन्ही तोंडं बाल्कनीकडे गेली असतील तर वर सांगितलेलं सगळं उलटं करा: बसायची जागा मुख्य दाराकडे, जेवणाची बाल्कनीकडे. तेव्हा सोफा दारातून थेट दिसू नये म्हणून मध्ये कमरेइतक्या उंचीचं, फूटभर खोल कपाट पुरतं. छतापर्यंतची जाळीदार पार्टिशन लांबट हॉलला रेल्वेच्या डब्यासारखं करून टाकते.

एक मांडणी कुठल्याही दारांना चालत नाही, ती म्हणजे दोन्ही लांब भिंतींना समोरासमोर सोफे. तीन-तीन फूट दोन्हीकडून गेले की मध्ये चार फूट उरतात, आणि घरातलं प्रत्येक माणूस प्रत्येक कामासाठी बसलेल्यांच्या गुडघ्यांमधून जातं.

घेताना आणि आणताना

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात किंवा ओळखीच्या कारागिराकडे मापाने सोफा करून मिळतो, आणि ३३ इंच खोली हवी असेल तर तो मार्ग सोपा पडतो. माप देताना लांबी हातांसकट की हातांशिवाय हे लिहून द्या. रुंद हात प्रत्येकी आठ-नऊ इंच खातात. चार-पाच इंचांचे हात घेतले तर तेवढ्याच लांबीत बसायला अर्धा फूट जास्त मिळतो.

पैसे देण्याआधी लिफ्टच्या दाराची उंची-रुंदी आणि आतली उंची मोजा, मुख्य दाराची चौकटीच्या आतली रुंदीही. लांब सोफा लिफ्टमध्ये उभा करून न्यावा लागतो. मावत नसेल तर जिन्याने, आणि जिन्याच्या वळणावर अडकला तर सोळाव्या मजल्यापर्यंत काहीच करता येत नाही. पाय आणि हात सुटे होणारा सोफा अशा वेळी कामी येतो. सामान आणायच्या वेळा सोसायटीच्या ऑफिसमध्ये आधी विचारून घ्या, अनेक ठिकाणी दुपारी आणि रविवारी परवानगी नसते.

सोफा आणि टेबल आल्यावर टीव्ही लगेच भिंतीवर ठोकू नका. तो युनिटवरच्या स्टँडवर आठवडाभर राहू द्या. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ४२ इंचांवर येतात, टीव्हीचा मध्य तिथेच असावा. आठ फुटांवरून पाहायला ४३ किंवा ५० इंचांचा पुरतो. या आठवड्यात कुणी वाटेत अडखळतं का, कुठली खुर्ची सारखी जागेवरून हललेली दिसते, सोफ्याच्या कुठल्या कोपऱ्याला लोक घासून जातात, हे पाहा. सोफा चार इंच सरकवावा लागला तर टीव्हीही सरकेल.

जागा पक्की झाली की मगच भोक पाडा, आणि त्याआधी भिंत कशाची आहे ते सोसायटीत विचारा. ठाणे-नवी मुंबईच्या बऱ्याच नव्या उंच इमारतींच्या भिंती मायव्हान पद्धतीच्या असतात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत स्लॅबबरोबरच ओतलेलं सळईचं काँक्रीट. त्यात साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागतं. टीव्हीची वायर लपवण्यासाठी अशा भिंतीत खाचा मारू देऊ नका. ती भिंत इमारतीचा भार घेते, आणि खाच सळईपर्यंत गेली तर ओल आत शिरून सळई गंजते. भिंतीवरून प्लॅस्टिकची केसिंग पट्टी न्या आणि भिंतीच्याच रंगाने रंगवा. इलेक्ट्रिशियन "दोन तासांत खाच मारून देतो" म्हणाला तरी पट्टीच लावून घ्या.